सीपॅप सहन होत नाही, तर पुढे काय? जिभेच्या नसेचे यंत्र आणि इतर शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्यावरचा नेहमीचा उपाय सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारे मशीन. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा आणि सीमेपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्गाहून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. रिपोर्टवर "एएचआय ३८" लिहिले आहे. म्हणजे नेमके काय?

झोपेत दर तासाला तुमचा श्वास सरासरी ३८ वेळा पूर्ण थांबला किंवा बराच कमी झाला. असा प्रत्येक प्रसंग किमान १० सेकंदांचा असतो. तासाला ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

हा आकडा सरासरीचा आहे हे विसरू नका. उताणे झोपल्यावर ६० आणि कुशीवर १२ असेल, तरी सरासरी ३८ येऊ शकते. म्हणून रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी शोधा. एक, उताण्या आणि कुशीवरच्या झोपेचे वेगळे आकडे. दुसरी, किती प्रसंग घसा मिटल्यामुळे झाले आणि किती मेंदूने श्वासाचा हुकूमच न दिल्यामुळे. दुसऱ्या प्रकाराला सेंट्रल अ‍ॅप्निया म्हणतात. खाली सांगितलेल्या शस्त्रक्रिया घसा मिटण्यावर आहेत, सेंट्रलवर त्यांचा उपयोग नाही.

२. मला मास्क दोन रात्री लावून जमला नाही. मी "सीपॅप न झेपणारा" रुग्ण झालो का?

अजून नाही. जिभेच्या नसेच्या यंत्रासाठी वापरली जाणारी व्याख्या अशी: आठवड्यातल्या किमान पाच रात्री, प्रत्येकी चार तासांहून जास्त वेळ सीपॅप वापरणे शक्य होत नाही, किंवा मास्क नीट लावूनही एएचआय १५ च्या वर राहतो. हे तोंडी सांगण्यावर ठरत नाही. मशीनच्या कार्डात रोजचे तास, हवेची गळती आणि उरलेला एएचआय यांची नोंद असते. ते कार्ड घेऊन या.

बहुतेकांच्या कार्डात एक ठरावीक खूण सापडते. गळती सतत जास्त असेल तर मास्कचा आकार चुकला आहे किंवा तोंड उघडे राहते. पहिला तास ठीक आणि मग मास्क काढलेला दिसला, तर बहुधा नाक चोंदते आहे (प्रश्न १३). दाब १४-१५ वर जाऊन माणूस जागा होत असेल, तर दाब आपोआप कमीजास्त करणारे मशीन लावून पाहावे. हे सगळे एक-दोन महिने प्रामाणिकपणे करून झाल्यावरच मी शस्त्रक्रियेचा विषय काढतो. कारण सरळ आहे. मास्क लावलेला असतो तेवढा वेळ सीपॅप घसा कुठेही मिटत असला तरी उघडा ठेवतो. शस्त्रक्रियांना तसे जमत नाही.

३. पावसात नळीत पाणी साचते आणि वीज जाते. शस्त्रक्रियेला एवढे कारण पुरेसे आहे का?

नाही, पण तक्रार खरी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडची हवा इतकी दमट असते की ह्युमिडिफायरची ओलसर हवा थंड नळीत पाणी होऊन नाकात शिरते. त्या दिवसांत ह्युमिडिफायर अगदी कमी करा किंवा बंद ठेवा, पंख्याचा झोत नळीवर येऊ देऊ नका आणि शक्य असेल तर गरम होणारी नळी घ्या. मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवले तर साचलेले पाणी मास्ककडे न येता मागे वाहते.

विजेसाठी मशीनच्या व्होल्टेजला जुळणारी बॅटरी मिळते. ह्युमिडिफायर बंद असेल तर ती बराच जास्त वेळ पुरते. एवढ्याने सुटणाऱ्या अडचणीसाठी छातीत यंत्र बसवू नये.

४. जिभेच्या नसेचे यंत्र करते तरी काय?

जीभ पुढे ओढणारा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूपासून जिभेत पसरलेला असतो. त्याला हुकूम देते मेंदूतून निघणारी बारावी नस, हायपोग्लॉसल. जागेपणी हा स्नायू ताठ असतो. झोपेत तो सैल पडतो आणि जीभ मागे घसरते. यंत्र श्वास आत घेण्याच्या वेळी या नसेला सौम्य विद्युत स्पंदने देते, जीभ थोडी पुढे सरकते आणि मागची वाट मोकळी होते.

सर्वात जास्त वापरले गेलेले यंत्र, इन्स्पायर, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाले. उजव्या कॉलरबोनखाली पेसमेकरसारखी डबी बसवतात. तिथून एक तार हनुवटीखाली जाऊन नसेभोवती बसते. जुन्या मॉडेलमध्ये श्वास ओळखणारी दुसरी तार बरगड्यांमधल्या स्नायूंत असते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मॉडेलमध्ये ही जाणीव डबीतच आहे, वेगळी तार लागत नाही.

२०१४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या या यंत्राच्या स्टार चाचणीत १२६ रुग्ण होते. बारा महिन्यांनी त्यांचा मध्यक एएचआय २९.३ वरून ९.० वर आला. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चांगला फरक पडलेल्या ४६ जणांपैकी निम्म्यांचे यंत्र चाचणीपुरते एक आठवडा बंद ठेवले, आणि त्यांचा सरासरी एएचआय ७.६ वरून २५.८ वर गेला. यंत्र आजार बरा करत नाही. चालू असते त्या रात्रीपुरते ते काम करते.

५. डॉक्टर म्हणतात आधी "डाइस" करायचे. झोपेची टेस्ट झाली, आता हे कशाला?

झोपेच्या टेस्टने श्वास किती वेळा थांबतो ते कळते, घसा *कुठे आणि कसा* मिटतो ते कळत नाही. शस्त्रक्रियेची निवड या दुसऱ्या गोष्टीवर ठरते. माझ्या मते या पूर्ण पानावरचे हे सर्वात महत्त्वाचे उत्तर आहे.

डाइसमध्ये ऑपरेशन थिएटरमध्ये प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन हळूहळू देऊन तुम्हाला झोपेसारख्या अवस्थेत नेतात. तुम्ही घोरू लागलात की नाकातून बारीक दुर्बीण घालून वाट पाहतात. चार ठिकाणे बघायची असतात: मऊ टाळू, टॉन्सिलच्या बाजूच्या भिंती, जिभेचे मूळ आणि कंठावरचे झाकण. प्रत्येक ठिकाणी अडथळा नाही, अर्धा आहे की पूर्ण, आणि तो पुढून मागे आहे, दोन्ही बाजूंनी आहे की चहूबाजूंनी, याची नोंद होते. काम बहुधा अर्ध्या तासाच्या आत होते. उपाशी पोटी यावे लागते आणि सोबत माणूस हवा, कारण त्या दिवशी गाडी चालवता येत नाही.

टाळूपाशी चहूबाजूंनी पूर्ण मिटणे ही नोंद निर्णायक असते. चंचीची दोरी ओढल्यावर तोंड जसे सगळीकडून मिटते, तसे ते दिसते. जीभ पुढे ओढली की तिला जोडलेला टाळूही थोडा पुढे येतो, त्यामुळे पुढून मागे मिटणारा टाळू यंत्राने उघडतो. बाजूच्या भिंती मात्र जिभेच्या ओढीने दूर होत नाहीत. सुरुवातीच्या काळातल्या २१ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात असे मिटणारे पाच जण होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही फायदा झाला नाही. म्हणून ही नोंद असेल तर इन्स्पायर बसवत नाहीत.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. औषध जास्त खोल गेले तर निरोगी घसासुद्धा मिटलेला दिसतो. दोन डॉक्टर एकच व्हिडिओ पाहून वेगळे मत देऊ शकतात. म्हणून व्हिडिओची प्रत मागून घ्या. दुसरे मत घ्यायचे झाले तर तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

६. मग यंत्रासाठी कोण पात्र ठरतो? एक उदाहरण द्या.

अमेरिकेतल्या सध्याच्या मंजुरीनुसार प्रौढांमध्ये एएचआय १५ ते १००, बीएमआय ४० पर्यंत, सेंट्रल आणि मिश्र प्रसंग एकूण प्रसंगांच्या २५ टक्क्यांहून कमी, आणि टाळू चहूबाजूंनी पूर्ण न मिटणारा. स्टार चाचणीतल्या लोकांचा सरासरी बीएमआय मात्र २८.४ होता. मंजुरीची हद्द पुढे वाढली असली तरी चांगल्या निकालांचा पाया अशाच, फार जाड नसलेल्या लोकांवर उभा आहे.

समजा साखळीचे ५२ वर्षांचे एक दुकानदार आहेत. (हे उदाहरण समजावण्यासाठी रचले आहे, कोणा एका रुग्णाचे नाही.) बीएमआय २९, साडेसहा तासांच्या झोपेत २४७ प्रसंग, म्हणजे एएचआय ३८. त्यांतले सेंट्रल आणि मिश्र मिळून २२, म्हणजे ९ टक्के. सीपॅपच्या कार्डात दोन महिन्यांची सरासरी दीड तास. मास्क दोनदा बदलला, नाकाचे उपचारही झाले. डाइसमध्ये टाळू पुढून मागे पूर्ण मिटतो, बाजूच्या भिंती ठीक, जीभ पूर्ण मागे पडते, झाकण ठीक.

कागदावर हे गृहस्थ यंत्राला योग्य आहेत. याच माणसाचे टॉन्सिल मोठे असते आणि बाजूच्या भिंती मिटत असत्या, तर मी त्यांना यंत्राकडे न पाठवता आधी घशाच्या शस्त्रक्रियेबद्दल बोललो असतो (प्रश्न ११). दोघांचा एएचआय ३८ च, पण रस्ते वेगळे.

७. शस्त्रक्रिया किती मोठी असते, आणि यंत्र लगेच चालू करतात का?

पूर्ण भूल देऊन साधारण दोन तास. हनुवटीखाली एक आणि छातीवर एक छेद, जुन्या पद्धतीत बरगड्यांजवळ तिसरा. कसबाचा भाग हनुवटीखाली असतो. बाराव्या नसेच्या काही शाखा जीभ पुढे ढकलतात आणि काही मागे खेचतात. पुढे ढकलणाऱ्या शाखाच तारेच्या टोकाच्या कड्यात घ्यायच्या असतात. म्हणून सर्जन ऑपरेशन चालू असतानाच जिभेच्या स्नायूंत बारीक सुया लावून प्रत्येक शाखा तपासतो. मागे खेचणारी एक शाखा आत राहिली तरी नंतर व्होल्टेज वाढवून फायदा होत नाही.

यंत्र साधारण महिन्याने चालू करतात, म्हणजे नसेभोवतीची सूज ओसरते. त्या दिवशी जीभ हलल्याचे जाणवते ते व्होल्टेज आणि जीभ दातांपुढे येते ते व्होल्टेज, दोन्ही नोंदतात. मग तुम्हाला रिमोट आणि ठरवून दिलेली मर्यादा मिळते. त्या मर्यादेत तुम्ही काही दिवसांनी एकेक पायरी वाढवत जायचे. जीभ बाहेर येताना थोडी डावीकडे वळली तर घाबरू नका, उजव्या बाजूला उत्तेजन मिळते म्हणून तसे होते.

८. जीभ रात्रभर हलत असेल तर झोप लागणार कशी?

झोपताना रिमोटने यंत्र सुरू केले तरी ठरवलेला वेळ, समजा अर्धा तास, ते गप्प राहते. तेवढ्यात झोप लागते. मध्ये उठलात तर थोडा वेळ थांबवता येते. तरीही झोपमोड होत असेल तर व्होल्टेज एक पायरी खाली आणून आठवडाभर थांबावे, आणि गप्प राहण्याचा वेळ वाढवून घ्यावा. ज्यांना आधीपासून निद्रानाश आहे त्यांना सर्वात जास्त त्रास होतो. त्यांचा निद्रानाश आधी हाताळावा असे माझे ठाम मत आहे, नाहीतर सीपॅप नाकारण्याचे जे कारण होते तेच यंत्रालाही लागू पडते.

९. तपासणीच्या रात्री एएचआय ६ आला. म्हणजे झाले ना?

इथे लोकांची नकळत दिशाभूल होते, म्हणून सविस्तर सांगतो. दोन-तीन महिन्यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभर व्होल्टेज बदलत योग्य पातळी शोधतात. रिपोर्टवर ठळक लिहिलेला आकडा बऱ्याचदा *सर्वात चांगल्या व्होल्टेजवरचा* असतो, सगळ्या रात्रीचा नव्हे.

आपल्या साखळीच्या गृहस्थांचेच उदाहरण पुढे नेऊ. त्या रात्री ते ६ तास झोपले आणि एकूण १०२ प्रसंग झाले. पूर्ण रात्रीचा एएचआय १७. त्यांतले १ तास ४० मिनिटे ते १.८ व्होल्टवर होते आणि तेव्हा १० प्रसंग झाले, म्हणजे तासाला ६. पण त्या पावणेदोन तासांत ते कुशीवर होते, आणि स्वप्नांची झोप, ज्यात घसा सर्वात सैल असतो, त्यात जवळजवळ आलीच नव्हती. मग ६ या आकड्यावर किती विसंबायचे?

मी अशा वेळी १.८ व्होल्ट कायम ठेवून काही आठवड्यांनी घरी पूर्ण रात्रीची टेस्ट करायला सांगतो. समजा तिथे १४ आला. ३८ वरून १४ म्हणजे ६३ टक्के घट. शस्त्रक्रियेच्या यशाची जुनी व्याख्या, निम्म्याहून जास्त घट आणि २० च्या खाली, पूर्ण झाली. पण १४ म्हणजे सौम्य आजार अजून आहे. दिवसा झोप येत नाही, रक्तदाब ताब्यात आहे, तर मी यावर थांबेन. झोप येत असेल, तर उताणे न झोपण्याची सवय, थोडे वजन कमी करणे किंवा तारेवरच्या इलेक्ट्रोडची मांडणी डॉक्टरकडच्या प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणावरून बदलणे असे पुढचे उपाय आहेत. म्हणून रिपोर्ट हाती आला की एक प्रश्न नक्की विचारा: हा आकडा एकाच व्होल्टेजवरच्या पूर्ण रात्रीचा आहे का?

१०. काय काय बिघडू शकते, आणि घरी कसे ओळखायचे?

नेहमीचे त्रास त्रासदायक असतात, पण बहुतेक धोक्याचे नसतात. जीभ खालच्या दातांवर घासून दुखते किंवा छोटी जखम होते. तेव्हा टोकदार दात घासून घेणे, रात्री दातांवर पातळ गार्ड लावणे किंवा उत्तेजनाची मांडणी बदलणे यातल्या एकाने काम होते. ऑपरेशननंतर जीभ काही दिवस अशक्त वाटते, क्वचित खालच्या ओठाची उजवी कड थोडी वाकडी दिसते. दोन्ही सहसा आठवड्यांत सुधारतात. स्टार चाचणीत गंभीर त्रास २ टक्क्यांहून कमी जणांना झाला. यंत्राच्या जागेमुळे अस्वस्थ वाटून दोघांची डबी पुन्हा बसवावी लागली होती.

धोक्याचे म्हणजे जंतुसंसर्ग. छातीवरच्या छेदाभोवती लाली पसरणे, ऊब, पू किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नका, कारण संसर्ग डबीपर्यंत गेला तर सगळे यंत्र काढावे लागते. आमच्या हवेत घामाने पट्टी लवकर ओली होते, पहिले दोन आठवडे ती कोरडी ठेवण्याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.

तार सरकली किंवा तुटली की एक दिवस घोरणे अचानक परत येते. जागेपणी आरशासमोर यंत्र चालू करून पाहा. पूर्वी दातांपुढे येणारी जीभ आता हलत नाही किंवा मागे खेचली जाते, असे दिसले तर व्होल्टेज वाढवत बसू नका, तपासणी करून घ्या. बॅटरी साधारण ११ वर्षे चालते आणि नंतर फक्त डबी बदलतात.

११. माझा टाळू चहूबाजूंनी मिटतो असे आले. सगळे दरवाजे बंद झाले का?

नाही. एक रस्ता टाळूच्या आणि बाजूच्या भिंतींच्या शस्त्रक्रियेचा. जुन्या यूपीपीपीमध्ये, जी फुजिता यांनी १९८१ मध्ये मांडली, टॉन्सिल काढून टाळूचा मागचा भाग कापत. तिचे यश माणसागणिक फार बदलते. टॉन्सिल मोठे आणि जीभ लहान असेल तर चांगले, टॉन्सिल लहान आणि जीभ मोठी असेल तर अगदी कमी. आता कापण्याऐवजी टॉन्सिलमागचा स्नायू सोडवून पुढे-बाहेर वळवून शिवतात, म्हणजे बाजूच्या भिंती ताणल्या जातात. योग्य माणसात ही पद्धत मला जास्त पटते. पहिले दोन आठवडे गिळताना चांगलेच दुखते. पाचव्या ते दहाव्या दिवशी रक्त येऊ शकते, त्यामुळे त्या काळात रुग्णालयापासून लांब जाऊ नये.

दुसरा रस्ता जेनिओ नावाच्या यंत्राचा. ते हनुवटीखाली बसते, दोन्ही बाजूंच्या शाखांना उत्तेजन देते, आणि त्याची ऊर्जा रोज रात्री हनुवटीखाली लावायच्या पट्टीतून येते. युरोपमध्ये ते चहूबाजूंनी मिटणाऱ्यांसाठीही मान्य आहे. तिसरा रस्ता जबड्याचा (प्रश्न १२) आणि चौथा वजनाचा (प्रश्न १४). वजन उतरल्यावर पुन्हा डाइस केले तर मिटण्याची पद्धत बदललेली दिसू शकते.

१२. जबडा पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया कोणासाठी?

वरचा आणि खालचा जबडा कापून दोन्ही साधारण १० मिलिमीटर पुढे आणून प्लेटांनी पक्के करतात. गळ्यातून श्वासनलिकेला थेट छिद्र पाडण्याची ट्रॅकिओस्टॉमी सोडली तर हाडामांसाच्या शस्त्रक्रियांत सर्वात परिणामकारक हीच, कारण टाळू, जीभ आणि बाजूच्या भिंती तिन्ही एकदम ताणल्या जातात. प्रकाशित अभ्यासांत सुमारे ८५ टक्के जणांमध्ये प्रश्न ९ मधल्या व्याख्येप्रमाणे यश दिसते.

किंमत मात्र शरीराला मोजावी लागते. काही आठवडे पातळ आणि मऊ खाणे, चेहऱ्यावर सूज, आणि खालचा ओठ-हनुवटी बधिर होणे, जे काहींमध्ये कायम राहते. खालचा जबडा मुळातच मागे असलेल्या, बारीक, तीव्र आजाराच्या माणसाला मी हा पर्याय यंत्राच्या आधी सांगतो. त्याला छातीत काही बसवावे लागत नाही, बॅटरी बदलावी लागत नाही. निर्णयाआधी ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन दोघांनीही तपासायला हवे. सौम्य-मध्यम आजारात आधी दातांवर लावायचे जबडा पुढे धरणारे उपकरण वापरून पाहा.

१३. नाकाचे हाड वाकडे आहे. ते सरळ केले की अ‍ॅप्निया जाईल?

एकट्या त्याने एएचआय फारसा उतरत नाही. पण नाक मोकळे झाल्यावर सीपॅपचा दाब कमी लागतो आणि मास्क सहन होतो. कितीतरी जणांचा "सीपॅप झेपत नाही" हा प्रश्न इथेच संपतो. म्हणून नाकाकडे आधी पाहा.

१४. वजन कमी केले तर शस्त्रक्रिया टळेल का?

जाड माणसात बऱ्याचदा हो, निदान आजाराची तीव्रता उतरते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणा असलेल्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी मंजूर झाले, आणि मार्च २०२५ पासून ते भारतात विकले जाते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. वजन उतरेपर्यंतचे महिने आजार चालूच असतो, म्हणून तोवर जमेल तितका सीपॅप सुरू ठेवा.

१५. एका ठिकाणी "लेझरने एका बैठकीत घोरणे बंद" सांगितले. करू का?

अ‍ॅप्निया असेल तर नको. टाळूच्या लेझर शस्त्रक्रियेची शिफारस अमेरिकन झोपवैद्यक संघटना अ‍ॅप्नियासाठी करत नाही. धोका असा की आवाज जातो आणि श्वास थांबणे तसेच राहते. मग घरातल्या माणसालाही ते कळत नाही. कोणतीही घोरण्याची शस्त्रक्रिया केली असेल तर तीन महिन्यांनी झोपेची टेस्ट पुन्हा करा.

१६. गोव्यात खर्चाचे काय? दीनदयाळ योजनेत बसते का?

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची वार्षिक मर्यादा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त माणसांना ४ लाख रुपये आहे, आणि ती यादीत असलेल्या उपचारांनाच लागू होते. नसेच्या यंत्राचा खर्च अमेरिकेत साधारण ३० ते ४० हजार डॉलर सांगितला जातो, त्यामुळे ही मर्यादा त्याला पुरणार नाही हे आधीच समजून घ्या. टॉन्सिल, नाक, टाळूच्या शस्त्रक्रियांबाबत ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी रुग्णालयाच्या योजना कक्षात उपचाराचे नेमके नाव लिहून दाखवा आणि पूर्वपरवानगी घ्या. बांबोळीला गोमेकॉ आणि शेजारी गोवा दंत महाविद्यालय आहे. घशाच्या आणि जबड्याच्या पहिल्या तपासणीसाठी तिथे जाता येते.

कोणी यंत्र बसवतो म्हणाले तर पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: भारतीय औषध नियंत्रकाचा त्या मॉडेलचा आयात परवाना, सर्जनने ही शस्त्रक्रिया कुठे शिकली, महिन्याने यंत्र चालू कोण करणार आणि त्याच्याकडे प्रोग्रॅमर आहे का, आणि दोन वर्षांनी तार बिघडली तर कुठे जायचे. चौथ्याचे उत्तर फक्त "परदेशात" असेल तर माझा सल्ला थांबण्याचा आहे.

१७. मला हृदयाचा पेसमेकर आहे. किंवा पुढे एमआरआय लागला तर?

पेसमेकर असलेल्यांमध्ये हे यंत्र बसवले गेले आहे. मात्र दोन्ही यंत्रे एकमेकांत ढवळाढवळ करत नाहीत ना, हे ऑपरेशनमध्ये हृदयतज्ज्ञांच्या उपस्थितीत तपासावे लागते. एमआरआय मॉडेलवर अवलंबून आहे. काही मॉडेलना ठरावीक अटींवर चालतो, काहींना शरीराच्या काही भागांचाच. यंत्राचे कार्ड पाकिटात ठेवा आणि एमआरआयच्या खोलीत शिरण्याआधी दाखवा. फिजिओथेरपीत दिला जाणारा डायथर्मीचा शेक घेऊ नका. दुसरी कुठली शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा, यंत्र बंद करून ठेवतात.

१८. शस्त्रक्रियेनंतरही एएचआय जास्त राहिला, तर सीपॅपवर परत जाता येते?

येते, आणि जावेच. नसेच्या यंत्रानंतर सीपॅप लावायला काही अडचण नाही, काही जण दोन्ही एकत्र वापरतात. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दाब बहुधा कमी लागतो. अपवाद जुन्या पद्धतीच्या यूपीपीपीचा. त्यात टाळू फार कापला गेला असेल तर नाकाच्या मास्कची हवा तोंडातून निसटते, मग तोंड झाकणारा मास्क घ्यावा लागतो. टाळू कापायला परवानगी देण्याआधी सर्जनला हे विचारून घ्या, कारण कापलेला भाग परत शिवता येत नाही.